शीर्षक जुळवताना लागणारा चकवा



मागच्या महिन्यात एका आईचा फोन आला. मुलगी माझ्याकडे आयईएलटीएसच्या तयारीला येते. आई म्हणाली, "मॅडम, हिचं इंग्लिश चांगलं आहे असं तुम्हीच म्हणता. लहानपणापासून इंग्लिश पुस्तकं वाचते. मग रीडिंगच्या पेपरातच मार्क कसे जातात?"

प्रश्न रास्त होता. मी मुलीला तिच्या शेवटच्या तीन सराव चाचण्या घेऊन बोलावलं. रिकाम्या जागा, बरोबर-चूक-माहिती नाही, पर्यायी प्रश्न, सगळं ठीक होतं. मार्क जात होते ते एकाच ठिकाणी. परिच्छेदांना शीर्षकं जुळवण्याच्या प्रश्नात सहापैकी दोन, सहापैकी तीन, पुन्हा सहापैकी दोन. तिन्ही वेळा तेच.

ज्यांना ही परीक्षा परिचयाची नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रीडिंगच्या पेपराला साठ मिनिटं, तीन उतारे आणि चाळीस प्रश्न असतात. त्यात एका उताऱ्याला बऱ्याचदा असा प्रश्न येतो: वर शीर्षकांची यादी, खाली परिच्छेद, कुठल्या परिच्छेदाला कुठलं शीर्षक ते ठरवा. यादीत परिच्छेदांपेक्षा जास्त शीर्षकं असतात, म्हणजे काही उरणारच. आणि एक शीर्षक एकदाच वापरायचं. आपल्याकडे शाळेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत 'उताऱ्याला योग्य शीर्षक निवडा' असा प्रश्न असतो, त्याचाच हा थोरला भाऊ. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते शाळेत मराठी शिकवणाऱ्यांनाही उपयोगी पडावं.

तिच्या चुका मी समोरासमोर मांडल्या आणि एक गंमत दिसली. एका चाचणीत चार चुका होत्या, पण समजण्यातली चूक फक्त दोनदाच झाली होती. तिने 'ब' चं शीर्षक 'अ' ला देऊन टाकलं. मग 'ब' पाशी आल्यावर त्याचं खरं शीर्षक संपलेलं, म्हणून उरलेल्यांतलं त्यातल्या त्यात बरं वाटलं ते दिलं. 'ड' आणि 'इ' चंही तसंच. या प्रश्नात एक चूक एकटी राहत नाही, दुसरीला ओढते. इतर प्रश्नांत एक मार्क गेला की गेला. इथे तो जाताना शेजाऱ्याला घेऊन जातो.

आता जे सांगते ते सांगायला जरा जड जातंय. तिच्या उताऱ्यांच्या कागदावर प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य पेन्सिलीने अधोरेखित केलेलं होतं. शीर्षकातले महत्त्वाचे शब्द गोल केलेले होते, आणि तेच किंवा तशा अर्थाचे शब्द परिच्छेदात सापडले की बाण काढलेला होता. काम इतकं नीटनेटकं की कौतुक वाटावं. ही पद्धत तिला शिकवली होती मीच. "पहिली-शेवटची ओळ वाचा, की-वर्ड शोधा, वेळ वाचतो." दर बॅचला सांगत आले होते. बऱ्याच क्लासेसमध्ये हेच सांगतात, म्हणून मीही सांगत होते.

प्रश्न काढणाऱ्याला ही पद्धत आपल्याइतकीच माहीत असते, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. जास्तीची शीर्षकं तो उगाच भरत नाही. घाईने वाचणाऱ्याला खरी वाटावीत म्हणूनच ती तयार केलेली असतात. आमच्या गावाकडे 'चकवा लागला' म्हणतात तसं आहे. माणूस ओळखीच्या खुणा बघत चालतो आणि फिरून फिरून त्याच जागी येतो. इथे ओळखीच्या खुणा म्हणजे ओळखीचे शब्द.

हे बोलून पटणार नव्हतं, करून दाखवायला हवं होतं. परीक्षेचे उतारे इंग्रजीत असतात. पण ही चूक इंग्रजीची आहे की वाचण्याची, हे मला तपासायचं होतं. म्हणून मी तीन छोटे परिच्छेद मराठीत लिहिले. विषय घेतला बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचा. तुम्हीही करून पाहा. आधी यादी, मग परिच्छेद, अगदी परीक्षेत असतं तसं. तीन परिच्छेदांना सात शीर्षकं जरा जास्त होतात, पण ती मी मुद्दाम ठेवली आहेत.

१. दख्खनचे लाव्हाचे थर
२. जुन्या समजाला छेद देणारा पुरावा
३. अजून न सुटलेला प्रश्न
४. काचेच्या कणांचा उपयोग
५. डोळ्यांना न दिसणारे कारण
६. पाण्यातील क्षार का वाढले
७. लोणारचा संपूर्ण इतिहास

परिच्छेद अ: लोणारच्या आसपासचा सगळा प्रदेश बेसॉल्टचा, म्हणजे ज्वालामुखीतून बाहेर पडलेल्या लाव्हाच्या थरांचा आहे. त्यामुळे येथील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा वाटोळा खड्डा पाहून तो ज्वालामुखीचा असावा, असे पूर्वीच्या अभ्यासकांना वाटले, यात नवल नाही. हे मत बराच काळ टिकले. विसाव्या शतकात मात्र येथील खडकांत मॅस्केलिनाइट नावाचा काचेसारखा पदार्थ आढळला. खडकातील खनिजावर अचानक प्रचंड दाबाचा आघात झाला, तर तो तयार होतो. ज्वालामुखीच्या उद्रेकात तेवढा दाब निर्माण होत नाही. उल्का आदळल्यावर होतो. ज्या लाव्हाने अभ्यासकांची दिशाभूल केली, त्याच लाव्हाच्या खडकात उत्तरही दडलेले होते.

परिच्छेद ब: हे विवर केव्हा बनले? आघाताच्या वेळी वितळून थिजलेल्या काचेच्या कणांवरून केलेल्या एका मोजणीत सुमारे ५२,००० वर्षे हे उत्तर मिळाले. या पद्धतीत नमुना तापवून त्यातून बाहेर पडणारा प्रकाश मोजतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आर्गॉन वायूच्या प्रमाणावर आधारलेली पद्धत वापरण्यात आली आणि उत्तर आले सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. एकाच विवराची दोन वये, आणि त्यांत दहापटीहून जास्त अंतर. नवी पद्धत अधिक भरवशाची आहे असे काहींचे म्हणणे, तर कमी वयाच्या बाजूने बोलणारे संशोधकही आहेत. काच मात्र तीच आहे.

परिच्छेद क: जून २०२० मध्ये लोणारचे पाणी थोड्याच दिवसांत गुलाबी झाले आणि पाहणाऱ्यांनी नाना तर्क लढवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याचे नमुने तपासले गेले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव आणि त्यांचे गुलाबी रंगद्रव्य यांकडे बोट गेले. पाऊस कमी आणि बाष्पीभवन जास्त झाल्यामुळे पाणी आटले होते व त्यातील क्षारांचे प्रमाण वाढले होते. अशा पाण्यात हे जीव फोफावतात. नमुन्यातील जीव तळाशी बसल्यावर वरचे पाणी पुन्हा नितळ दिसू लागले.

तिने पाच मिनिटांत उत्तरं लिहिली. अ ला १, ब ला २, क ला ५. म्हणजे तीनपैकी एक बरोबर, आणि तेही मराठीत, स्वतःच्या भाषेत! तेव्हाच तिला आणि मला दोघींनाही कळलं की शब्दसंग्रह वाढवून हे सुटणार नाही.

"अ ला १ का दिलंस?" मी विचारलं.

"मॅडम, पहिल्याच वाक्यात लाव्हाचे थर आहेत. शेवटच्या वाक्यात पण लाव्हा आहे."

बरोबर आहे. शब्द आहेतच. मी तिला सांगितलं, ज्या वाक्यामुळे तू हे शीर्षक निवडलंस त्यावर पट्टी ठेव आणि बाकीचं वाच. तिने पहिलं वाक्य झाकलं. उरलेल्या परिच्छेदात कोणाला तरी काहीतरी वाटलं, ते बराच काळ टिकलं, मग एक पदार्थ सापडला, आणि जे वाटलं होतं ते चुकीचं ठरलं. गोष्ट जवळजवळ पूर्ण राहिली. लाव्हाचं वाक्य त्या गोष्टीसाठी आलं होतं. लोक का फसले एवढं सांगणं हेच त्याचं काम. पुढच्या वाक्याच्या सुरुवातीचा 'त्यामुळे' हेच सांगतो. लाव्हाचे थर कसे बनले, किती जाड आहेत, कुठवर पसरले आहेत, यातलं काहीही परिच्छेदात नाही. मग शीर्षक त्यांचं कसं असेल?

ही 'झाकून पाहण्याची' युक्ती मी आता सगळ्यांना शिकवते. ज्या वाक्यामुळे शीर्षक पटलं, ते वाक्य झाका. उरलेला परिच्छेद अजूनही त्याच शीर्षकाकडे बोट दाखवत असेल तर ठीक. तो वेगळंच काही बोलायला लागला, तर तुम्हाला शीर्षक सापडलेलं नाही, एक तपशील सापडला आहे. या प्रश्नातले बहुतेक चकवे असेच असतात. ते खोटे नसतात. परिच्छेदातल्या एका वाक्यापुरते शंभर टक्के खरे असतात, म्हणूनच तर पटतात.

आणि 'मात्र' या शब्दाकडे लक्ष द्या. इंग्रजीत तिथे हाऊएव्हर, येट किंवा नुसता बट असतो. परिच्छेदाच्या मध्ये असा शब्द आला की बहुधा परिच्छेद वळतो, आणि लेखकाला जे सांगायचं असतं ते वळणानंतर येतं. वळणाच्या आधी असतो तो दुसऱ्याचा समज, जुनं मत, लोक काय म्हणतात ते. पहिल्या ओळीवर भिस्त ठेवणाऱ्याला वळणाआधीचंच दिसतं. अशा परिच्छेदासाठी यादीत एक शीर्षक वळणाआधीच्या मजकुराचं हमखास ठेवलेलं असतं.

मग मी म्हटलं, "आता अ ला परत बघ."

ती म्हणाली, "२ बरोबर वाटतंय. पण २ तर ब ला गेलं ना."

हीच ती साखळी. तिच्या डोक्यात २ नंबर खर्च झाला होता, म्हणून अ वाचताना तो पर्यायच उरला नव्हता. आता मी सगळ्यांना सांगते की पहिल्या फेरीत एकही शीर्षक 'खर्च' करू नका. परिच्छेदाशेजारी एक किंवा दोन नंबर पेन्सिलीने लिहा. शंका असेल तिथे दोन. पक्कं करायचं ते सगळे परिच्छेद वाचून झाल्यावर. संगणकावर परीक्षा देणाऱ्यांना शीर्षक ओढून परिच्छेदाच्या वर ठेवावं लागतं. तिथे एकदा ठेवलं की ते पक्कं झाल्यासारखं वाटतं, आणि काढायला हात धजत नाही. म्हणून त्यांनी आधी मिळालेल्या कागदावर परिच्छेदांची अक्षरं लिहून त्यापुढे नंबर मांडावेत आणि मगच पडद्याला हात लावावा.

ब ची चूक जास्त बारीक होती. खरं सांगायचं तर मलाही ती आवडली, कारण तिने तिथे विचार केला होता. "आधी ५२,००० वर्षं म्हणत होते, नंतर नवीन अभ्यासात ५ लाख ७० हजार आलं. म्हणजे जुना समज मोडला. जुन्या समजाला छेद." विषय बरोबर पकडला, नवं-जुनंही बरोबर पकडलं. पण शीर्षक काय म्हणतंय? 'छेद देणारा पुरावा'. म्हणजे जुनं पडलं आणि नवं उभं राहिलं. ब मध्ये कोणी पडलं का? नवी पद्धत भरवशाची म्हणणारे आहेत, कमी वय मानणारेही आहेत. दोघेही उभेच आहेत. निकाल लागलेला नाही. म्हणून ३.

शीर्षकातले शब्द जुळतात पण दावा जुळत नाही, असा हा चकवा. हुशार मुलं यातच जास्त सापडतात, कारण ती विषय झटकन ओळखतात आणि तिथेच थांबतात. शीर्षकाला मी दोन प्रश्न विचारायला सांगते: हे कशाबद्दल आहे, आणि त्याबद्दल काय म्हणतंय? पुरावा मिळाला, वाद मिटला, फायदा झाला, धोका वाढला, कारण सापडलं, कारण सापडलं नाही. यातला 'काय म्हणतंय' हा भाग परिच्छेदात बोट ठेवून दाखवता आला पाहिजे. नाही दाखवता आला तर शीर्षक सोडून द्यायचं, मग विषय कितीही जुळत असो.

४ नंबरचं काय? ब मध्ये 'काच' दोनदा येते, अ मध्ये 'काचेसारखा' आहे. शब्द मोजणारा इथे अडकतो. पण दोन्ही ठिकाणी काच हे साधन आहे, तिच्याबद्दल सांगण्यासाठी परिच्छेद लिहिलेला नाही. अ मध्ये ती जन्म सांगते, ब मध्ये वय सांगते. एकाच शब्दावरून दोन परिच्छेदांना सारखंच लागू पडणारं शीर्षक दिसलं की सावध व्हावं. बहुतेक वेळा ते दोघांचंही नसतं.

क तिने बरोबर सोडवला होता, पण ५ की ६ यात बराच वेळ अडकली होती, असं तिनेच सांगितलं. क्षार वाढल्याचं कारण परिच्छेदात दिलेलंच आहे, पाऊस कमी आणि बाष्पीभवन जास्त. म्हणजे ६ चं उत्तर तिथे सापडतं. पण ते अर्ध्या वाक्यात संपतं, आणि लगेच 'अशा पाण्यात हे जीव फोफावतात' म्हणून वाक्य पुन्हा जीवांकडे येतं. झाकून पाहा. क्षारांचं वाक्य झाकलं तरी पाणी गुलाबी का झालं हे कळतं. सूक्ष्मजीवांचं वाक्य झाकलं तर परिच्छेद कोसळतो. आणि ५ मध्ये परिच्छेदातला एकही ठळक शब्द नाही. 'गुलाबी' नाही, 'पाणी' नाही, 'जीव' नाही. खरं शीर्षक बऱ्याचदा असंच असतं, परिच्छेदातले शब्द टाळून लिहिलेलं. शब्दाला शब्द लावून शोधणाऱ्याला ते दिसतच नाही. ७ बद्दल फार सांगायला नको. ते सगळ्या उताऱ्याला चालेल, एका परिच्छेदाला नाही. अतिव्यापक शीर्षक हा त्यातल्या त्यात सोपा चकवा, मुलं तो लवकर ओळखतात.

आता क्रमाबद्दल. छापील पेपरात शीर्षकांची यादी उताऱ्याच्या आधी असते, म्हणून मुलं ती आधी वाचतात. पुष्कळ शिक्षकही तेच सुचवतात. माझं मत आता उलट झालं आहे. नऊ-दहा शीर्षकं आधी वाचली की ते शब्द डोक्यात बसतात, आणि मग परिच्छेद वाचताना डोळा समजून घेत नाही, शोधत राहतो. मी यादीवर कागद ठेवायला लावते. परिच्छेद वाचा, बाजूला स्वतःचं तीन-चार शब्दांचं शीर्षक लिहा, आणि मगच कागद उचला. ते शीर्षक इंग्रजीत लिहायलाच हवं असं नाही. मी मराठीतच लिहायला सांगते. या मुलीने एका इंग्रजी परिच्छेदाशेजारी लिहिलं होतं, 'वाटलं स्वस्त, पडलं महाग'. यादीत तशा अर्थाचं शीर्षक तिला पाच सेकंदांत सापडलं. आणि मराठीत चार शब्दांत सांगता आलं नाही, तर परिच्छेद समजलेला नाही एवढं नक्की कळतं. पुन्हा वाचावा लागेल, यादी बघून उपयोग नाही.

वेळेचं खरं सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही मुलांना हे शिकवाल आणि आठवड्याभराने माझ्यावर रागवाल. सुरुवातीला या पद्धतीने वेळ वाढतो. हिला पूर्वी शीर्षकांच्या प्रश्नाला नऊ मिनिटं लागायची, पहिल्या दोन वेळा चौदा लागली. एका उताऱ्याच्या वाट्याला वीसच मिनिटं येतात, आणि रीडिंगमध्ये उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही, त्यामुळे ती घाबरली. पण हा प्रश्न सोडवताना अख्खा उतारा एकदा समजून वाचलेला असतो. त्यामुळे त्याच उताऱ्यावरचे पुढचे प्रश्न लवकर होतात, कुठल्या परिच्छेदात काय आहे ते आधीच माहीत असतं. तीन आठवड्यांनी ती दहा मिनिटांवर आली. तरीही एखादा परिच्छेद दोन मिनिटांत हलत नसेल, तर दोन नंबर लिहून पुढे जायचं. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे शेवटी रिकामं ठेवायचं नाही, पण त्याच्यापाशी बसूनही राहायचं नाही.

एका प्रकारच्या परिच्छेदावर ही झाकायची युक्ती चालत नाही, तेही सांगते. काही परिच्छेद नुसत्या उदाहरणांचे असतात. चार देश, चार प्रसंग, मुख्य वाक्य कुठेच नाही. तिथे कुठलंही वाक्य झाकलं तरी परिच्छेद उभाच राहतो. मग विचारायचं, ही सगळी कशाची उदाहरणं आहेत? उत्तर सगळ्यांना लागू पडलं पाहिजे. तिनांना लागू आणि चौथ्याला नाही, असं शीर्षक यादीत बहुधा असतं आणि ते चुकीचं असतं.

पालकांसाठी एक घरचा उद्योग. इंग्रजी येत नसलं तरी चालेल. आपल्या मराठी वर्तमानपत्रातले किंवा पुरवणीतले चार-पाच लेख घ्या, त्यांची शीर्षकं कात्रीने कापून वेगळी करा, दोन शीर्षकं दुसऱ्याच लेखांची त्यात मिसळा, आणि मुलांना जुळवायला द्या. जुळवल्यावर 'बरोबर की चूक' विचारू नका. 'कुठल्या वाक्यामुळे ठरवलंस?' असं विचारा आणि ते वाक्य बोटाने झाकायला लावा. फक्त बातम्यांपेक्षा लेख किंवा अग्रलेख घ्या. बातमीचा मथळा लक्ष वेधण्यासाठी असतो, तो बऱ्याचदा सगळ्यात खमंग तपशील उचलतो. म्हणजे आपल्या भाषेत तो स्वतःच चकवा असतो.

मी हे त्या आईला फोनवर सांगितलं होतं. गेल्या रविवारी त्या दोघी कात्री घेऊन बसल्या. या आठवड्यात मुलीला सहापैकी पाच मिळाले. सहावा वेळ संपत आला म्हणून घाईत गेला. संध्याकाळी आईचा पुन्हा फोन आला, मला वाटलं मार्कांबद्दल असेल. तर त्या म्हणाल्या, "मॅडम, आजच्या पेपरात पहिल्या पानावरची बातमी मी सहज झाकून बघितली. मथळ्यात जे आहे ना, ते आत फक्त शेवटून दुसऱ्या ओळीत आहे हो!"